एका आकड्याची जागा

बचत गटातल्या महिलांना एक्सेल शिकवणारी एक छोटी पुस्तिका आहे असे समजू. तिच्यात एका शीटचा स्क्रीनशॉट छापायचा आहे. A रकान्यात अनुक्रमांक, B मध्ये सभासदाचे नाव, C मध्ये जमा रक्कम. C2 ते C6 या पाच घरांत 1,500, 2,300, 1,850, 3,200 आणि 2,750 असे आकडे आहेत आणि खाली C7 मध्ये ठळक अक्षरांत बेरीज आहे, 11,600. मजकुरात मात्र तिसऱ्या सभासदाने 1,350 रुपये भरले असे लिहिले आहे आणि तेच बरोबर आहे. मूळ एक्सेल फाइल ज्या संगणकावर होती तो केव्हाच मोडीत निघाला. हाताशी उरले आहे ते फक्त चित्र.

मूळ फाइल असती तर काम मिनिटाभराचे होते. C4 मध्ये नवा आकडा टाकला की बेरीज आपोआप बदलते, आणि पुन्हा स्क्रीनशॉट घेतला की झाले. चित्रात तसे काही घडत नाही, कारण चित्राला 1,850 ही रक्कम ठाऊकच नसते. त्याच्या लेखी तिथे आहेत ते पांढरे, काळपट आणि थोडे रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल. 8 च्या जागी 3 आणायचा म्हणजे सत्तर-ऐंशी ठिपक्यांची अदलाबदल करायची. काम तेवढेच आहे, पण ते ठिपके नेमके कुठून आणायचे यावर सगळे अवलंबून असते.

बहुतेक जण सरळ वाटेने जातात. चित्र फोटोशॉपमध्ये किंवा पेंटमध्ये उघडायचे, पांढऱ्या ब्रशने जुना आकडा पुसायचा, टेक्स्ट टूल घेऊन कॅलिब्री ११ मध्ये 1,350 टाइप करायचे आणि माउसने ओढून जागेवर बसवायचे. चित्र पूर्ण पानभर दिसत असेल तर ते ठीकही वाटते. मग कुणीतरी म्हणतो, या घरात काहीतरी वेगळे दिसते आहे. काय वेगळे आहे ते त्याला सांगता येत नाही, पण नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते. हे वेगळेपण कुठून येते ते कळले की दुरुस्तीची योग्य रीतही आपोआप कळते.

चित्र ८०० टक्के मोठे करून पाहावे. विंडोजवर घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये काळा वाटणारा आकडा पुष्कळदा नुसता काळा नसतो. त्याच्या उभ्या रेघेच्या डाव्या कडेला तांबूस आणि उजव्या कडेला निळसर झाक असते. ही क्लिअरटाइपची करामत. मायक्रोसॉफ्टने हे तंत्र १९९८ मध्ये जाहीर केले, आणि विंडोज व्हिस्टापासून ते मुळातच चालू असते. एलसीडी पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. क्लिअरटाइप या पट्ट्या स्वतंत्रपणे उजळवते किंवा मंद करते, त्यामुळे आडव्या दिशेने अक्षराची कड अधिक बारकाईने रेखता येते. रेघ पिक्सेलच्या मध्येच सुरू होत असेल तर त्या पिक्सेलची उजवीकडची निळी पट्टी विझते आणि डावीकडची लाल पट्टी उजळ राहते. तीच ती तांबूस झाक. पडद्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या डोळ्याला हा रंग जाणवत नाही, अक्षर फक्त रेखीव दिसते. स्क्रीनशॉटमध्ये मात्र तो रंग जसाच्या तसा उतरतो.

चित्र संपादनाच्या प्रोग्राममधले टेक्स्ट टूल सहसा करड्या छटांनी अक्षराच्या कडा मऊ करते. म्हणून फॉन्ट तोच, आकार तोच, तरी नवा आकडा शेजाऱ्यांपेक्षा किंचित जाड किंवा फिकट वाटतो. मॅकवर हा फरक आणखी वेगळा दिसतो, कारण ॲपलने २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून रंगीत पट्ट्यांची ही पद्धत सोडून दिली. विंडोजवर घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मॅकवर आकडा टाइप केला तर दोन वेगळ्या यंत्रांची अक्षरे एकाच रकान्यात येतात. फॉन्टचे नाव सारखे असणे पुरेसे नाही. आकडा कोणत्या यंत्राने, कोणत्या पद्धतीने रंगवला हेही जुळावे लागते.

यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे नवा आकडा टाइप करायचाच नाही, तो त्याच चित्रात शोधायचा. आपल्याला शतकस्थानी 3 हवा आहे, आणि बरोबर वरच्या घरात 2,300 आहे. तिथे 3 शतकस्थानीच बसलेला आहे.

हा योगायोग किती कामाचा आहे ते पाहण्यासाठी एक्सेलची मोजमापे माहीत हवीत. कॅलिब्री ११ हा २००७ पासून पुढे बरीच वर्षे एक्सेलचा ठरलेला फॉन्ट होता. २०२३ मध्ये त्याची जागा ॲप्टॉस नॅरोने घेतली. नेहमीच्या पडद्यावर, म्हणजे विंडोजचे स्केलिंग १०० टक्के आणि शीटचा झूमही १०० टक्के असताना, कॅलिब्री ११ चा प्रत्येक अंक ७ पिक्सेल रुंदीची जागा घेतो. 1 असो की 8, जागा सारखीच. हिशेबाचे आकडे एकाखाली एक नीट यावेत म्हणून अंकांची अशी सोय केलेली असते. स्वल्पविरामाला त्याहून कमी जागा लागते. न बदललेली ओळ २० पिक्सेल उंच असते आणि न बदललेला रकाना ६४ पिक्सेल रुंद. या मापांत खालची आणि उजवीकडची एक पिक्सेलची रेषा धरलेली आहे, म्हणजे घराचे आतले मोकळे आवार ६३ गुणिले १९.

संख्या घरात उजवीकडे चिकटून बसते. त्यामुळे एकाच रकान्यातले एकं, दहं, शतकाचे अंक एका उभ्या ओळीत येतात. C3 मधला 3 आणि C4 मधला 8 हे डावीकडून मोजले तर नेमक्या त्याच पिक्सेलवर सुरू होतात आणि त्यांच्यात फक्त उभे २० पिक्सेलांचे अंतर असते. म्हणजे ७ पिक्सेल रुंदीचा एक तुकडा उचलायचा आणि बरोबर २० पिक्सेल खाली ठेवायचा. तांबूस आणि निळसर कडा, फिकट ठिपके, सगळे त्याच्यासोबत येते. पुसण्याची वेगळी गरजही उरत नाही, कारण उचललेल्या तुकड्यातला पांढरा भाग जुना 8 झाकून टाकतो.

हे हाताने करताना निवडीची कड मऊ नसावी. प्रोग्राममध्ये फेदर शून्य ठेवावे आणि अँटी-एलियसिंग बंद करावे. तुकडा माउसने ओढण्याऐवजी बाणांच्या कळांनी हलवावा, म्हणजे तो अर्ध्या पिक्सेलवर अडकत नाही. अर्ध्या पिक्सेलवर ठेवलेला तुकडा प्रोग्राम आपल्या मनाने दोन ठिपक्यांत वाटून टाकतो आणि मघाशी ज्या धूसरपणातून सुटका करून घेतली तो परत येतो. आपल्या चित्रात C3 मधल्या 3 चा डावा वरचा कोपरा १९४ आणि २६३ या पिक्सेलवर आहे असे मोजून निघाले, तर इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रामला तेच काम एका ओळीत सांगता येते:

```
magick jama.png "(" -clone 0 -crop 7x12+194+263 +repage ")" -geometry +194+283 -composite jama-2.png
```

२६३ चे २८३ झाले, बाकी काही हलले नाही.

तुकडा घराच्या आतच राहावा, ग्रिडलाइनला स्पर्श करू नये. ग्रिडलाइन ही एकाच करड्या छटेची, एक पिक्सेल जाडीची अखंड रेषा असते. पांढऱ्या ब्रशने आकडा पुसताना तिचे एक-दोन ठिपके उडाले तर ती खंडते. मग ती पुन्हा रेखण्यासाठी नजरेने करडा रंग निवडला जातो आणि तो जरा गडद किंवा फिकट निघतो. रेषेला धक्का लागलाच असेल तर रंग निवडू नये, त्याच रेषेचा शेजारचा तुकडा उचलून लावावा.

आता बेरीज. 1,850 चे 1,350 झाले की 11,600 चे 11,100 व्हायला हवेत. इथे शतकस्थानी 1 हवा आहे आणि वरच्या घरांत तो त्या जागी कुठेच नाही. असता तरी चालला नसता, कारण बेरीज ठळक अक्षरांत आहे. पण त्याच घरात ठळक 1 दोनदा आलेला आहे, 11,600 च्या सुरुवातीला. हजाराच्या स्थानावरचा 1 उचलून एक अंक आणि एक स्वल्पविराम एवढे उजवीकडे न्यायचे. अंक ७ आणि ठळक स्वल्पविराम ४ पिक्सेलांचा असेल तर ११ पिक्सेल.

मात्र आडवे हलवण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. काही प्रोग्राम प्रत्येक अंक पूर्ण पिक्सेलवरच सुरू करतात, काही अंकांना पिक्सेलच्या मध्येही जागा देतात. दुसऱ्या प्रकारात एकाच संख्येतले दोन 1 दिसायला थोडे वेगळे असतात. एकाची डावी कड जास्त तांबूस, दुसऱ्याची कमी. ओळखायचे कसे, तर 2,300 मधली दोन शून्ये मोठी करून शेजारी शेजारी ठेवायची. ठिपक्याला ठिपका जुळला तर आडवे हलवायला हरकत नाही. जुळला नाही तर अंक फक्त वर-खाली हलवावेत, आडवे हलवू नयेत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या शीटच्या स्क्रीनशॉटमध्ये ही तपासणी आधी करावी आणि मगच तुकडा उचलावा.

अंकांची संख्या बदलली तर हिशेब थोडा फिरतो. 1,850 चे 10,850 करायचे असेल तर नवखा माणूस 1 जागेवर ठेवून पुढचे सगळे उजवीकडे सरकवतो. संख्या उजवीकडे चिकटलेली असते, त्यामुळे ती डावीकडे वाढते. 850 आणि त्याआधीचा स्वल्पविराम जागचे हलत नाहीत. जिथे 1 होता तिथे 0 येतो आणि 1 त्याच्याही डावीकडे ७ पिक्सेल जातो. पुढे लाखात गेले तर आपल्या पद्धतीचा दुसरा स्वल्पविराम येतो, 1,10,850, आणि मग रकान्याची रुंदी पुरते का ते पाहावे लागते. एक्सेलमध्ये संख्या घरात मावली नाही तर ती शेजारच्या घरात सांडत नाही, तिच्या जागी `####` दिसते. शेजारचे घर रिकामे असले तर सांडतो तो फक्त मजकूर. म्हणून ज्या स्क्रीनशॉटमध्ये संख्या ग्रिडलाइन ओलांडून गेलेली दिसते, ते दृश्य एक्सेलने कधीच रंगवलेले नसते.

उजवीकडची मोकळी जागाही सगळीकडे सारखी नसते. साध्या संख्येचा शेवटचा अंक रेषेच्या अगदी जवळ येतो. कॉमा स्टाइल लावलेल्या घरात संख्या थोडी आत सरकते, कारण उणे रकमेच्या कंसासाठी तिथे जागा राखून ठेवलेली असते. अशा दोन घरांत अंकांची देवाणघेवाण केली तर अंक तंतोतंत तोच असूनही रकाना वाकडा दिसतो.

एक सोयीची युक्ती रंगीत ओळींसाठी. पांढऱ्या ओळीतला अंक पिवळ्या ओळीत ठेवला की त्याच्याभोवती पांढरा चौकोन दिसतो. तुकड्याच्या लेयरला मल्टिप्लाय हा प्रकार दिला की पांढरा भाग नाहीसा होतो आणि काळा तसाच राहतो. कडांच्या छटा मात्र तंतोतंत जुळतीलच असे नाही, कारण अक्षर रंगवताना विंडोज पार्श्वभूमीनुसार थोडे गणित बदलते. पिवळ्याच ओळीतला अंक मिळाला तर तोच घ्यावा.

B रकान्यातल्या देवनागरी नावाला हात लावायची वेळ आली तर हे सगळे गणित कोसळते. देवनागरी अक्षरांची रुंदी एकसारखी नसते, मात्रा आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर झुकतात आणि शिरोरेखा सलग जुळावी लागते. लहान आकारात ती जेमतेम एक-दोन पिक्सेल जाड असते. एका ठिपक्याचा खंड पडला तरी शब्द तुटलेला दिसतो. शिवाय कॅलिब्रीत देवनागरी अक्षरे नाहीत, त्यामुळे विंडोज ती निर्मला यूआय किंवा मंगलसारख्या दुसऱ्या फॉन्टमधून आणते आणि फॉन्टच्या चौकटीत मात्र कॅलिब्री हेच नाव दिसत राहते. अशा वेळी एकेक अक्षर जुळवत बसू नये. अख्खे घर नव्याने तयार करून चिकटवावे.

हे झाले पीएनजी चित्राचे, ज्यात प्रत्येक ठिपका जसाच्या तसा साठवलेला असतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला स्क्रीनशॉट जेपीईजी झालेला असतो. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे आवळते, आणि रंगाची माहिती बहुधा आणखी ढोबळ ठेवते. आकड्यांभोवती धुळीसारखे फिकट ठिपके दिसतात ते त्यामुळेच. ही धूळ चौकोनांच्या जाळीशी बांधलेली असते. आपला तुकडा २० पिक्सेल खाली सरकला, पण २० ला ८ ने भाग जात नाही, म्हणून त्याच्यासोबत आलेली धूळ नव्या जागेच्या जाळीशी जुळत नाही. ४० पिक्सेल, म्हणजे दोन ओळी वरच्या किंवा खालच्या घरातून अंक आणला तर निदान उजेड-अंधाराची जाळी जुळते. अशा चित्रात नुकसान कमी करता येते, टाळता येत नाही.

आकार बदललेले चित्र त्याहून हट्टी. वर्डमध्ये टाकून ७३ टक्के केलेला आणि पुन्हा कॉपी केलेला स्क्रीनशॉट घ्या. २० पिक्सेलांची ओळ आता १४.६ पिक्सेलांची झाली. एक ग्रिडलाइन रेखीव दिसते, पुढची दोन पिक्सेलांत विरघळलेली. प्रत्येक ओळीतला 3 आपापल्या परीने धूसर झालेला असतो आणि वरचा खाली आणून बसत नाही. १४.६ ला पाचने गुणले की ७३ ही पूर्ण संख्या येते, म्हणजे पाच ओळी वरचा किंवा खालचा अंक कामाला येऊ शकतो. आपल्या शीटमध्ये रकमांच्या ओळीच पाच आहेत, त्यामुळे ही वाट इथे बंद.

दुरुस्ती झाली की मूळ आणि नवे चित्र एकावर एक ठेवून वरच्या लेयरला डिफरन्स प्रकार द्यावा. सारखे ठिपके काळे होतात आणि बदललेलेच उजळतात. आपल्या चित्रात दोनच छोटी ठिगळे दिसायला हवीत, एक C4 मध्ये, एक C7 मध्ये. तिसरीकडे काही चमकले तर हात घसरला आहे. हीच तपासणी इमेजमॅजिक आकड्यात करून देते. पुढची आज्ञा बदललेल्या ठिपक्यांची संख्या सांगते:

```
magick compare -metric AE jama.png jama-2.png farak.png
```

ठिपके जुळले तरी एक तपासणी उरतेच, आणि अनुभवी हिशेबनीस ती सर्वांत आधी करतो. शीटमधला एक आकडा एकाच ठिकाणी राहत नाही. C4 निवडलेले असताना स्क्रीनशॉट घेतला असेल तर वरच्या फॉर्म्युला बारमध्येही 1850 दिसतो, तोही स्वल्पविरामाशिवाय. C2 ते C6 निवडलेले असतील तर खालच्या पट्टीत सरासरी 2,320 आणि बेरीज 11,600 अशी नोंद असते. आता तिथे 2,220 आणि 11,100 हवेत. शेजारी आलेख असेल तर तिसऱ्या खांबाची उंची बदलायला हवी. टक्केवारीचा रकाना असेल तर त्यातली पाचही घरे बदलतात, कारण बेरीजच बदलली. अशा चित्रात एक आकडा बदलायचा म्हणून बसलेल्या माणसाला दहा-बारा आकडे बदलावे लागतात.

स्क्रीनशॉट खरा की बदललेला हे तपासणारेही याच खुणा शोधतात. एकाच रकान्यातले सारखे अंक एकमेकांवर ठेवून पाहणे, ग्रिडलाइनचा रंग टोकापासून टोकापर्यंत मोजणे, बेरजा पुन्हा करणे. फॉन्टचे वय हाही पुरावा ठरतो. पाकिस्तानात पनामा प्रकरणाच्या चौकशीत २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सादर झालेल्या अहवालात, तत्कालीन पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कन्या मरियम यांच्या फेब्रुवारी २००६ ची तारीख असलेल्या कागदपत्रावर बोट ठेवले गेले. ते कॅलिब्रीत होते, आणि कॅलिब्री सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागला तो जानेवारी २००७ च्या अखेरीस. याच न्यायाने, २०१९ ची म्हणून दाखवलेली शीट ॲप्टॉस नॅरोमध्ये असेल तर ते चित्र तरी २०१९ चे नाही, कारण तेव्हा तो फॉन्टच आलेला नव्हता. मात्र उलट निष्कर्ष काढता येत नाही. काळजीपूर्वक हलवलेला अंक पीएनजीच्या ठिपक्यांत कसलीही खूण मागे ठेवत नाही, म्हणून चित्रात दोष सापडला नाही याचा अर्थ रक्कम खरी आहे असा होत नाही.

यासाठीच पैशांच्या वादात स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये, मूळ फाइल मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी हे मूल्य पूर्ण वेगळे येते. पण ते फक्त फाइल प्रमाणपत्रानंतर बदलली का एवढेच सांगते, त्याआधी काय झाले ते नाही. आणि शिकवणीच्या पुस्तिकेतली चूक सुधारणे व दुसऱ्याला फसवण्यासाठी पावतीतला आकडा बदलणे यांत हातांची हालचाल तीच असली तरी दुसरी गोष्ट कायद्याने बनावटगिरी आहे. पुस्तिकेतही चित्राखाली ‘आकडे उदाहरणादाखल’ एवढी ओळ द्यावी आणि मूळ चित्र वेगळ्या नावाने जपून ठेवावे.

चित्र जेपीईजी असेल, आकार बदललेला असेल किंवा चार-पाचपेक्षा जास्त जागी बदल करायचे असतील, तर ठिपके हलवण्यात वेळ घालवू नये. कोऱ्या शीटमध्ये तेच मथळे, त्याच रकमा टाइप कराव्यात, बेरजेच्या घरात `=SUM(C2:C6)` लिहावे, फॉन्ट कॅलिब्री ११ करावा, विंडोजचे स्केलिंग आणि शीटचा झूम १०० वर आणावा आणि नवा स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये घ्यावा. पाच ओळींच्या शीटला दहा मिनिटे पुरतात, आणि पुढच्या आवृत्तीत आकडा पुन्हा बदलायचा झाला तर हाताशी फाइल असते.